चारचे तीन झाले की : पोकरच्या दोन टेबलांवर कॅसिनोचा वाटा

दिवाळीत तीन पत्ती खेळणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यात वरचा हात कोणता? उत्तर येईल ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं. प्युअर सिक्वेन्स त्याच्या खाली. पण हीच व्यक्ती थ्री कार्ड पोकरच्या टेबलावर बसली, तर तिथे हा क्रम उलटा दिसेल. प्युअर सिक्वेन्स वर आणि ट्रेल खाली. कारण साधं आहे. बावन्न पानांतून तीन पानं उचलण्याच्या एकूण २२,१०० रीती आहेत. त्यांपैकी ट्रेल ५२ रीतींनी जमते, तर प्युअर सिक्वेन्स ४८ रीतींनी. जो हात जास्त दुर्मीळ, तो वर. सिक्वेन्स आणि कलर यांचा क्रम मात्र दोन्हीकडे सारखाच आहे. सिक्वेन्सच्या रीती ७२० आणि कलरच्या १,०९६, त्यामुळे सिक्वेन्स वरचढ.

घरच्या तीन पत्तीत हा क्रम परंपरेने आला. थ्री कार्ड पोकरमध्ये तो मोजून ठरवला गेला. डेरेक वेब या ब्रिटिश पोकर खेळाडूने १९९४ च्या सुमारास हा खेळ रचला. इंग्लंडातला थ्री कार्ड ब्रॅग हा जुना खेळ त्याच्या मुळाशी आहे, आणि आपली तीन पत्तीही त्याच घराण्यातली मानली जाते. घरच्या खेळात खेळाडू एकमेकांचे पैसे जिंकतात. इथे मात्र प्रत्येक जण एकट्या डीलरशी, म्हणजे कॅसिनोशी खेळतो. कॅसिनोला त्यातून नक्की मिळकत व्हावी, म्हणून ती मिळकत नियमांत आणि बक्षिसांच्या कोष्टकात आधीच बसवलेली असते. टेबलावरच्या कापडावर ते कोष्टक उघड छापलेलं असतं, फक्त ते वाचता आलं पाहिजे.

हा लेख त्या वाचनाबद्दल आहे. थ्री कार्ड पोकर आणि कॅसिनो होल्डेम हे दोन खेळ आपण पाहू. दोन्हींत एक मुख्य बोली असते, तिला अँटी म्हणतात, आणि एक जादा बोली असते, ती बोनस म्हणून ओळखली जाते. या चार बोलींपैकी कोणती किती महाग पडते, ते कॅसिनोच्या वाट्यावरून मोजता येतं. तुम्ही लावलेल्या प्रत्येक शंभर रुपयांतून सरासरीने जेवढे रुपये कॅसिनोकडे राहतात, तो त्याचा वाटा. एका डावात त्याचा पत्ता लागत नाही, पण हजारो डावांत तो हटकून वसूल होतो.

थ्री कार्ड पोकरची अँटी

खेळ असा चालतो. तुम्ही अँटीच्या चौकटीत समजा १०० रुपये ठेवता. तुम्हाला तीन पानं मिळतात आणि डीलरलाही तीन. तुम्ही फक्त आपली पानं बघून ठरवायचं की पॅक व्हायचं की खेळायचं. पॅक झालात तर १०० रुपये गेले. खेळायचं असेल तर आणखी १०० रुपये ‘प्ले’च्या चौकटीत ठेवायचे. मग डीलर आपली पानं उघडतो. त्याच्याकडे किमान राणी किंवा त्याहून चांगला हात असेल तरच तो ‘क्वालिफाय’ झाला असं मानतात. क्वालिफाय झाला नाही, तर तुम्हाला अँटीवर १०० रुपये मिळतात आणि प्लेचे १०० जसेच्या तसे परत येतात. क्वालिफाय झाला, तर हातांची तुलना होते. तुमचा हात वरचढ असेल तर दोन्ही बोलींवर मिळून २०० रुपये जिंकता, कमी असेल तर २०० हरता.

आता प्रश्न असा की कोणत्या हाताला खेळावं आणि कोणत्या हाताला पॅक व्हावं. गणिताने याची एक स्वच्छ रेघ आखून दिली आहे : राणी-सहा-चार. तुमची पानं याहून चांगली किंवा एवढीच असतील तर खेळा, कमी असतील तर पॅक व्हा. राणी-सात-दोन असेल तर खेळायचं, कारण राणीला राणी सारखी झाली की सात सहाला मारतो. राणी-पाच-चार असेल तर पॅक.

ही रेघ नेमकी इथेच का, हे समजून घेण्यासारखं आहे. डीलर १,००० डावांपैकी साधारण ३०४ डावांत क्वालिफाय होत नाही आणि ६९६ डावांत होतो. समजा तुमचा हात इतका हलका आहे की क्वालिफाय झालेल्या कोणत्याही डीलरला तो हरवू शकत नाही. तरीही तुम्ही हट्टाने दर वेळी खेळलात, तर ३०४ डावांत १०० रुपये प्रमाणे ३०,४०० रुपये मिळतील आणि ६९६ डावांत २०० प्रमाणे १,३९,२०० जातील. तोटा १,०८,८०० रुपयांचा. दर वेळी पॅक झाला असतात तर तोटा १,००,००० झाला असता. म्हणजे अशा हाताला पॅक होणंच शहाणपणाचं.

आता हातात राणी-सहा-चार आहे असं धरा. डीलरकडेही राणीचाच, पण याहून हलका हात असण्याचे प्रसंग हजारात २२ च्या आसपास येतात. त्या प्रत्येक डावात २०० रुपये हरण्याऐवजी तुम्ही २०० जिंकता, म्हणजे ४०० रुपयांचा फरक पडतो. बावीस डावांचे ८,८०० रुपये तोट्यातून वजा केले की उरतात १,००,०००. बरोबर पॅक होण्याएवढेच! त्यात बरोबरीत सुटणारे डाव धरले, आणि एक राणी तुमच्याच हातात असल्याने डीलरची क्वालिफाय होण्याची शक्यता थोडी घटते हेही धरलं, की पारडं किंचित खेळण्याच्या बाजूला झुकतं. म्हणून रेघ राणी-सहा-चारवर.

या रेघेप्रमाणे खेळणारा शंभरात सुमारे ६७ हात खेळतो आणि ३३ हातांना पॅक होतो. असं शिस्तीने खेळूनही अँटीवर कॅसिनोचा वाटा ३.३७ टक्के राहतो. राणी असलेला प्रत्येक हात खेळला, म्हणजे डीलरचाच नियम आपल्याला लावला, तर तो ३.४५ टक्के होतो, फार मोठं नुकसान नाही. पण पानं न बघता दर वेळी खेळणाऱ्याला ७.६५ टक्के मोजावे लागतात.

याच अँटीला जोडून एक गोष्ट येते, जिच्याकडे नवख्या खेळाडूचं लक्ष जात नाही. तिला ‘अँटी बोनस’ म्हणतात, आणि त्यासाठी वेगळे पैसे लावावे लागत नाहीत. तुम्ही डाव खेळलात आणि तुमच्याकडे सिक्वेन्स असेल तर अँटीवर एकपट, ट्रेल असेल तर चौपट आणि प्युअर सिक्वेन्स असेल तर पाचपट बक्षीस मिळतं. डीलर जिंको वा हरो, क्वालिफाय होवो वा न होवो, हे बक्षीस मिळतंच. त्याची किंमत काढता येते. सिक्वेन्सचे ७२०, ट्रेलचे ५२ गुणिले चार म्हणजे २०८ आणि प्युअर सिक्वेन्सचे ४८ गुणिले पाच म्हणजे २४०. बेरीज १,१६८. भागिले २२,१००, म्हणजे ५.२९ टक्के. हा बोनस नसता तर अँटीवर कॅसिनोचा वाटा साडेआठ टक्क्यांच्या वर गेला असता. म्हणूनच काही ठिकाणी कोष्टक एक-चार-पाचऐवजी एक-दोन-तीन असं छापलेलं दिसतं तेव्हा सावध व्हावं. तेवढ्या बदलाने ३.३७ चा वाटा ४.२८ टक्के होतो.

पेअर प्लस : एकाच आकड्याचा फरक

थ्री कार्ड पोकरमधली जादा बोली म्हणजे पेअर प्लस. हिच्यासाठी वेगळी चिप लावावी लागते. डीलरशी हिचा काही संबंध नाही. तुमच्या तीन पानांत जोडी किंवा त्याहून चांगलं काही आलं तर जिंकलात, नाही तर चिप गेली. इथे काही ठरवायचं नसल्याने चूक होण्याचीही सोय नाही. सगळं काही कोष्टकावर अवलंबून.

मूळ कोष्टक असं आहे : जोडीला एकपट, कलरला चौपट, सिक्वेन्सला सहापट, ट्रेलला तीसपट आणि प्युअर सिक्वेन्सला चाळीसपट. प्रत्येक शक्य हात एकेकदा आला आणि दर वेळी एक रुपया लावला, असं धरून हिशेब मांडू. जोडीच्या ३,७४४ रीती, त्यांचे ३,७४४ रुपये. कलरच्या १,०९६ गुणिले चार, म्हणजे ४,३८४. सिक्वेन्सच्या ७२० गुणिले सहा, म्हणजे ४,३२०. ट्रेलचे ५२ गुणिले तीस, म्हणजे १,५६०. प्युअर सिक्वेन्सचे ४८ गुणिले चाळीस, म्हणजे १,९२०. एकूण जिंकलेले १५,९२८ रुपये. उरलेल्या १६,४४० हातांत काहीच जमत नाही, म्हणून तेवढे रुपये हरले. तूट ५१२ रुपयांची. भागिले २२,१००, म्हणजे २.३२ टक्के. मुख्य बोलीपेक्षाही ही जादा बोली स्वस्त! कॅसिनोमध्ये असं फार क्वचित घडतं.

आणि म्हणूनच अनेक ठिकाणी हे कोष्टक बदललेलं आहे. बदल एकाच जागी केलेला असतो : कलरला चारऐवजी तीनपट. चाळीसपट, तीसपट हे डोळ्यांत भरणारे आकडे तसेच राहतात, म्हणून टेबलाजवळ आलेल्या माणसाला काही बदललंय असं वाटतच नाही. पण कलर हा साधारण वीस डावांत एकदा येणारा हात आहे. त्याच्यावरचा एक रुपया कमी केला की हिशेबातून एकदम १,०९६ रुपये वजा होतात. तूट ५१२ वरून १,६०८ वर जाते आणि वाटा २.३२ वरून ७.२८ टक्क्यांवर, म्हणजे तिपटीहून जास्त.

याउलट तीसपटीच्या ट्रेलचे पंचवीसपट केले असते, तर हिशेबातून फक्त २६० रुपये गेले असते आणि वाटा ३.४९ टक्के झाला असता. खेळाडूची नजर मोठ्या बक्षिसांवर असते, पण पैशाचा ओघ मधल्या हातांतून वाहतो. पेअर प्लसला चिप लावण्याआधी कापडावरची कलरची ओळ वाचली, तर सगळं कळून जातं.

कॅसिनो होल्डेमची अँटी

कॅसिनो होल्डेम १९९० च्या दशकात स्टीफन औ-युंग यांनी रचला. टेक्सस होल्डेम या लोकप्रिय पोकरचं हे डीलरशी खेळायचं रूप. अँटी लावली की तुम्हाला दोन पानं मिळतात, डीलरला दोन, आणि टेबलाच्या मधोमध तीन सामाईक पानं उघडी मांडली जातात. आपली दोन आणि मधली तीन बघून ठरवायचं. पॅक झालात तर अँटी गेली. खेळायचं तर अँटीच्या दुप्पट रक्कम ‘कॉल’ म्हणून लावायची. मग आणखी दोन सामाईक पानं उघडतात, आणि सात पानांतून सर्वांत चांगली पाच निवडून हात बनतो. डीलरकडे किमान चौव्यांची जोडी असली तर तो क्वालिफाय झाला.

एक डाव पाहू. अँटी ५०० रुपये. तुमच्याकडे बदामचा एक्का आणि किलवरची सत्ती. मधे इस्पिकची नव्वी, चौकटची पंजी, बदामची दुरी. काहीच जमलेलं नाही. पोकर खेळणारा माणूस इथे पानं टाकायच्या बेतात असतो. पण गणित सांगतं, कॉल करा. तुम्ही १,००० रुपये लावता. पुढची दोन पानं येतात किलवरचा राजा आणि चौकटची दश्शी. डीलर उघडतो राणी आणि तिरी. त्याचीही जोडी नाही, म्हणून तो क्वालिफाय झाला नाही. तुम्हाला अँटीवर ५०० मिळतात, कॉलचे १,००० परत येतात. हेच डीलरकडे नव्वी आणि तिरी असती, तर नव्व्यांच्या जोडीने तो क्वालिफाय होऊन जिंकला असता आणि तुमचे १,५०० रुपये गेले असते.

तरी कॉल बरोबर का? पॅक झाल्यावर ५०० जातात हे नक्की. कॉल करून क्वालिफाय झालेल्या डीलरला हरवलंत तर १,५०० मिळतात, हरलात तर १,५०० जातात. तीन डावांत एक जिंकला आणि दोन हरले, तर एकूण तोटा १,५०० रुपये. तिन्ही डाव पॅक झाला असतात तरी तोटा तेवढाच. म्हणजे जिंकण्याची आशा तीनात एकाहून थोडीशी जरी जास्त असली तरी कॉल फायद्याचा, आणि डीलर क्वालिफाय न होण्याचे डाव वेगळेच. एवढी आशा बहुतेक हातांत असते. म्हणून योग्य खेळात शंभरात ८२ डावांना कॉल करावा लागतो आणि फक्त १८ वेळा पॅक. दुरी-तिरी हातात, मधे वेगवेगळ्या रंगांचे राजा, गुलाम आणि अठ्ठी, असा पूर्ण निराधार हात आला की पॅक व्हायचं.

या टेबलावर सगळ्यात महाग पडणारी चूक भित्रेपणाची असते. एरवी पोकरमध्ये हलके हात टाकून देणं ही शिस्त आहे. तीच सवय इथे आणणारा माणूस दर वेळी पूर्ण अँटी फुकट सोडतो. बरोबर खेळणाऱ्यासाठी अँटीवर कॅसिनोचा वाटा २.१६ टक्के आहे. हा आकडा नेहमीच्या कोष्टकाचा आहे, ज्यात अँटीवर फ्लशला दुप्पट, फुल हाउसला तिप्पट, चार सारख्या पानांना दहापट, स्ट्रेट फ्लशला वीसपट आणि रॉयल फ्लशला शंभरपट मिळतं. थ्री कार्डच्या अँटी बोनससारखं हे बक्षीस हरल्यावर मिळत नाही, डाव जिंकावा लागतो.

एक्क्यांची जोडी : दुसरी जादा बोली

कॅसिनो होल्डेमची जादा बोली ‘एए बोनस’ म्हणून ओळखली जाते. तुमची दोन आणि मधली पहिली तीन, अशा पाच पानांत एक्क्यांची जोडी किंवा त्याहून चांगलं काही असेल तर ती लागते. एक्क्यांच्या जोडीपासून स्ट्रेटपर्यंत सातपट, फ्लशला वीसपट, फुल हाउसला तीसपट, चार सारख्या पानांना चाळीसपट, स्ट्रेट फ्लशला पन्नासपट आणि रॉयल फ्लशला शंभरपट, हे तिचं नेहमीचं कोष्टक. राजांच्या जोडीला काही नाही. चौथ्या किंवा पाचव्या सामाईक पानात दुसरा एक्का आला तरी उपयोग नाही, कारण बोनसचा निकाल आधीच लागलेला असतो.

शंभर रुपयांच्या हजार बोली धरा. सुमारे १०५ वेळा सातपट मिळेल. फ्लश आणि त्याहून वरचे हात हजारात तीन-चारदाच येतील. सगळं मिळून जिंकाल साधारण ८२,९०० रुपये. उरलेल्या ८९१ डावांत ८९,१०० जातील. अपूर्णांकांसह नेमका हिशेब केला की कॅसिनोचा वाटा ६.२६ टक्के येतो. मुख्य बोलीच्या जवळजवळ तिप्पट. थ्री कार्डमध्ये पेअर प्लस स्वस्त की महाग हे कोष्टक ठरवतं. होल्डेममध्ये मात्र बोनस या नेहमीच्या कोष्टकावरही अँटीहून बराच महाग आहे.

टक्के कशाचे?

आता चारही बोली शेजारी ठेवू. प्रत्येक ठिकाणी ५०० रुपये लावून पन्नास डाव खेळले, तर सरासरी तोटा असा येतो. थ्री कार्डची अँटी ८४२ रुपये. पेअर प्लस मूळ कोष्टकावर ५८०, बदललेल्या कोष्टकावर १,८२०. होल्डेमची अँटी ५४०, एए बोनस १,५६५. बदललेल्या कोष्टकावर थ्री कार्डच्या दोन्ही बोली लावणारा माणूस पन्नास डावांत सरासरी २,६६० रुपये देऊन उठतो, आणि त्यातला दोन तृतीयांशांहून जास्त भाग बोनसपायी गेलेला असतो.

मात्र इथे एक बारीक गोष्ट नजरेआड होऊ देऊ नये. ३.३७ आणि २.१६ हे टक्के अँटीचे आहेत, लावलेल्या सगळ्या पैशांचे नाहीत. थ्री कार्डमध्ये ५०० च्या अँटीमागे सरासरी ८३७ रुपये टेबलावर जातात, होल्डेममध्ये १,३२०. एकूण लावलेल्या रकमेशी तोलून पाहिलं, तर थ्री कार्डचा भार २.०१ टक्के आणि होल्डेमचा अवघा ०.८२ टक्के भरतो. होल्डेम दोन्ही मापांनी स्वस्त आहे. पण त्याच ५०० च्या अँटीला एका डावात जास्तीत जास्त १,५०० रुपये पणाला लागतात, थ्री कार्डमध्ये १,०००. खिशात मोजके पैसे घेऊन बसलेला माणूस होल्डेमवर लवकर रिकामा होऊ शकतो, टक्का कमी असला तरी.

आणि सरासरी म्हणजे हमी नव्हे. पन्नास डावांत कुणी दहा हजार जिंकून उठेल, कुणी तेवढेच हरून. पेअर प्लस शंभरात ७४ वेळा हरते आणि एए बोनस ८९ वेळा, त्यामुळे या बोलींवर चढउतार आणखी मोठे. आज बोनस लागला म्हणजे तो फायद्याचा आहे असं नाही, आणि बराच वेळ लागला नाही म्हणजे आता लागणारच असंही नाही. पत्ते दर डावाला नव्याने पिसले जातात.

मराठी वाचकाला ही टेबलं कायदेशीरपणे जवळ भेटतात ती गोव्यात, पणजीच्या मांडवीतल्या जहाजांवर. महाराष्ट्राने १९७६ मध्ये केलेला कॅसिनोंचा कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने २०२५ च्या कायद्याने बंदी घातली. तेव्हा कुणी गोव्यात अशा टेबलाजवळ उभं राहिलंच, तर चिपा काढण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात. अँटी बोनस एक-चार-पाच आहे का? पेअर प्लसच्या कलरपुढे चार आहे की तीन? आणि होल्डेममध्ये अँटीपलीकडे बोनसवर चिप ठेवायची गरज आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कापडावर छापलेली असतात. तिसऱ्याचं उत्तर ६.२६ या आकड्यात आहे. राणी-सहा-चारची रेघ पाळली, होल्डेममध्ये धीराने कॉल केले आणि महाग बोनस टाळले, तर तोट्याचा वेग निम्म्याहून खाली येतो. तोटा मात्र शून्यावर येत नाही. या दोन्ही खेळांत खेळाडूला कॅसिनोच्या वर नेणारी कोणतीही खेळी नाही, म्हणून जेवढे पैसे गेले तरी चालतील तेवढेच घेऊन बसावं, आणि ते संपले की उठावं.